भाऊजींचा अंगठा आणि अंतिम बिल

रुग्णालयाच्या अंतिम बिलाचे फोटो पाठवून ‘जरा शीटमध्ये भर, दहा मिनिटांचं काम आहे’ असे सांगणाऱ्या माणसाने ते काम स्वतः कधीही केलेले नसते. आमच्या भाऊजींनीही केलेले नव्हते. शस्त्रक्रिया होऊन ते ठणठणीत घरी परतले होते, मूळ बिल विमा कंपनीकडे रवाना झाले होते आणि कंपनीला आता त्याच बिलातील बाबी व रकमा यांचा वेगळा तक्ता हवा होता. ज्यांच्या हातात बिल आहे त्यांनी ज्याच्या हातात ते नाही त्याच्याकडून त्याची नक्कल मागावी, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही.

फोटो तीन होते. पहिल्या पानाच्या तळाशी ‘पान १/४’ असे स्वच्छ छापलेले होते. चौथ्याची चौकशी केली तेव्हा ‘त्यावर नुसत्या सह्या आहेत’ असे उत्तर मिळाले. पहिल्या पानावर गोषवारा होता, म्हणजे रूम भाडे, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रिया शुल्क अशा अकरा बाबी आणि प्रत्येकीपुढे एक रक्कम. पुढच्या पानांवर त्याच बाबींचा तपशील होता. अशा बिलात गोषवारा आणि तपशील दोन्ही उतरवले की प्रत्येक रक्कम दोनदा मोजली जाते, म्हणून तक्त्यात गोषवारा घ्यावा आणि तपशील पडताळणीसाठी ठेवावा.

पडताळणीची गरज पहिल्या मिनिटालाच लागली, कारण डॉक्टरांच्या भेटींच्या रकमेवर भाऊजींचा अंगठा होता. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी तो धरला होता, आणि उभ्या पानावर धरायला त्यांना नेमका रकमांचा रकाना सापडला होता. नखाच्या कडेला शेवटचे शून्य तेवढे दिसत होते. सुदैवाने तपशिलाच्या पानावर भेटीचा दर १,२०० आणि संख्या ८ अशी नोंद होती, त्यामुळे ९,६०० हा आकडा अंगठ्याखालून काढता आला. ‘बघ, निघालं ना!’ असे भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आपण काही अडवलेच नव्हते अशी खात्री होती.

एव्हाना ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि मदत म्हणून शेवटची ओळ त्यांनी आपल्या फोनवरून स्वतः भरली होती. मी खाली `=SUM(C2:C12)` हे सूत्र टाकले. तक्त्याची बेरीज १,५०,१४४ आली आणि बिलावर १,४६,३५८ छापलेले होते. फरक ३,७८६.

‘तीन हजारांनी काय बिघडतं?’ भाऊजी म्हणाले. ‘एक ओळ वाढव, “इतर” म्हण, आणि उणे तीन हजार सातशे शहाऐंशी लिही. जुळलं.’

विमा कंपनीच्या तपासनिसाला ‘इतर’ नावाची उणे रक्कम कोणत्या रोगाच्या उपचारातली ते कोण सांगणार, असे मी विचारले. ‘सवलत म्हणायचं,’ ते म्हणाले. रुग्णालयाने दिलेली नसलेली सवलत भाऊजी स्वतःच्या अधिकारात मंजूर करत होते, आणि तीही स्वतःच्याच क्लेममधून.

मी रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. सगळे आकडे कप्प्यांत उजवीकडे टेकलेले होते, फक्त नोंदणी शुल्काची नोंद डावीकडे सरकून बसली होती. भाऊजींनी तिथे `500/-` असे लिहिले होते. शीटच्या दृष्टीने तो आकडा राहिलेला नव्हता, तो मजकूर झाला होता, आणि बेरजेचे सूत्र मजकुराला मुकाट्याने वगळते. चेकवर पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून तसे लिहितात, हे त्यांचे स्पष्टीकरण बिनतोड होते, पण शीटच्या कप्प्यात आकडा वाढवायला येणारा चोर कोण, हे त्यांनी सांगितले नाही. मी त्यातले `/-` पुसले. बेरीज १,५०,६४४ झाली आणि फरक ४,२८६ वर गेला.

‘पाहिलंस?’ भाऊजी खुर्चीतून जवळजवळ उठले. ‘आधीचं बरं होतं. माझं पुन्हा घाल.’

एक चूक दुरुस्त केल्यावर फरक वाढतो, याचा अर्थ दुसरी चूक उलट्या दिशेने बसलेली आहे आणि पहिली तिला काही अंशी झाकत होती, हे मी त्यांना समजावून सांगत होतो. ते मात्र ताईला हाक मारून ‘तुझ्या भावाने पाचशेचा घोळ वाढवला’ असे सांगत होते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ४,२८६ ला तो जात नव्हता. मग त्याचे निम्मे केले, कारण वजा करायची रक्कम मिळवली गेली तर फरक त्या रकमेच्या बरोबर दुप्पट पडतो. निम्मे आले २,१४३. हाच आकडा तक्त्यात ‘औषध परतावा’ या बाबीपुढे बसलेला होता. फोटो मोठा करून पाहिल्यावर कागदाच्या घडीच्या सुरकुतीत, आकड्याच्या डावीकडे, वजाबाकीची पुसटशी रेघ दिसली.

आता भाऊजी खरोखर चिडले. ‘औषधं परत दिली हे खरं, पण पैसे माझ्या हातात कुठे आले? आलेच नाहीत तर वजा कसले?’ ते पैसे बिलातूनच कमी झाले, म्हणूनच एकूण रक्कम १,४६,३५८ आहे, हे मी निरनिराळ्या शब्दांत सांगितले. ते पटले नाही, पण बेरीज जुळली, आणि जुळलेल्या बेरजेपुढे त्यांचा नाइलाज झाला.

मग क्लेमची रक्कम कोणती लिहायची यावर पुन्हा जुंपली. बिलाच्या तळाशी सर्वांत ठळक अक्षरांत ‘देय रक्कम ९६,३५८’ असे होते आणि ठळक आहे म्हणजे तीच खरी, असे त्यांचे म्हणणे होते. ५०,००० त्यांनी दाखल होतानाच आगाऊ भरले होते. आगाऊ रक्कम खर्च कमी करत नाही, ती फक्त आधी दिलेली असते. सवलत मात्र खर्च कमी करते आणि ती वजा करूनच क्लेम लावायचा असतो. या बिलात सवलत नव्हती. माझे ऐकले नसते तर ते आपलेच पन्नास हजार विमा कंपनीला भेट देऊन मोकळे झाले असते, आणि त्याचे श्रेय मला मिळाले नाही ते नाहीच.

या साऱ्यात मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे बिल एका संगणकातून छापून निघाले. त्याचा फोटो काढून मी ते दुसऱ्या संगणकात हाताने भरले आणि आता कंपनीतला कोणीतरी ते तिसऱ्यात भरणार. प्रत्येक वेळी एक सुरकुती, एक अंगठा मध्ये येणार, आणि फरक पडला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र आजारी माणसाच्या घरच्यांची.

काल कंपनीचे पत्र आले. ‘शस्त्रक्रिया साहित्य ११,२७५’ या एका बाबीची फोड त्यांना हवी आहे. हातमोजे, मास्क, टोप्या अशा वस्तू त्यात असतात आणि पॉलिसीच्या अटींनुसार त्यातल्या काहींचे पैसे मिळत नाहीत, म्हणून ती बाब ते अशी एकत्र स्वीकारत नाहीत. तपशिलाची हातातली दोन्ही पाने पुन्हा पाहिली, तर त्यांत साहित्य नव्हतेच. मी भाऊजींना फोन लावून चौथ्या पानावर नक्की काय होते ते विचारले.

‘सह्या होत्या,’ ते म्हणाले, ‘आणि वर ते हातमोज्या-बितमोज्यांचं काहीतरी. म्हणूनच नाही काढला फोटो.’