‘लवकरात लवकर ड्रॉइंग द्यावीत’ म्हणजे नोटीस नव्हे

“साइटवरच्या सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा. ड्रॉइंग उशिरा आली तर कॉन्ट्रॅक्टरने घाबरायचं कारण नाही. १) वेगळी नोटीस लागत नाही, ट्रान्समिटल रजिस्टरवर तारीख असते, तोच पुरावा. २) ड्रॉइंग जितके दिवस उशिरा, तितके दिवस मुदतवाढ. साधा हिशोब. ३) पत्रात ‘दावा’ हा शब्द किंवा कलम नंबर घालू नका, संबंध बिघडतात. ‘लवकरात लवकर ड्रॉइंग द्यावीत ही विनंती’ एवढं पुरे. ४) पैशाचं शेवटच्या बिलासोबत एकत्र बघता येतं.”

हे मला भाच्याने पाठवलं. तो एका इमारतीच्या साइटवर प्लॅनिंग बघतो. खाली त्याची ओळ होती, “मामा, ठीक आहे ना? उद्या तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे पत्र टाकतोय.” रात्री साडेदहाला फोन केला आणि म्हटलं, टाकू नकोस. सकाळपर्यंत आणखी दोघांकडून तेच आलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तोच करतो. बाकीच्या चुका निस्तरता येतात. मी एका कामावर असताना आमच्या फाइलमध्ये उशिराच्या ड्रॉइंगची सोळा पत्रं होती, सगळी याच विनवणीच्या सुरात. मुदतवाढीचा दावा गेला तेव्हा इंजिनीअरचं उत्तर एका ओळीचं होतं: यातलं एकही पत्र दाव्याची नोटीस नाही, आणि कुठल्या ड्रॉइंगवाचून कुठलं काम अडलं हे एकाही पत्रात लिहिलेलं नाही. खरंच लिहिलेलं नव्हतं. सोळाही पत्रं पुन्हा वाचली, तो बरोबर होता.

फिडिक म्हणजे सल्लागार इंजिनीअरांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिचे बांधकामाचे नमुना करार याच नावाने ओळखले जातात. त्यातल्या १९९९च्या रेड बुकमध्ये कलम १.९ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. करार फिडिकचा नसला तरी वाचा, कारण नोटिशीत काय असावं हे इतकं सरळ फार कमी ठिकाणी सापडेल. ड्रॉइंग ठरावीक वेळेत आलं नाही तर काम रखडेल असं दिसताच कॉन्ट्रॅक्टरने नोटीस द्यायची, आणि तिच्यात सांगायचं की कोणतं ड्रॉइंग हवंय, का हवंय, कधीपर्यंत हवंय आणि उशीर झाला तर किती व कसला विलंब होईल. ती तारीख वाजवी हवी. त्या तारखेलाही ड्रॉइंग आलं नाही आणि काम अडलं, तर दुसरी नोटीस द्यायची. त्यानंतर मुदतवाढीचा आणि वाजवी नफ्यासह खर्चाचा हक्क उभा राहतो, तोही कलम २०.१च्या अटी पाळून. पहिल्या नोटिशीत तारीखच नसेल तर ‘उशीर’ मोजायचा कुठून? ‘लवकरात लवकर’ ही काही तारीख नाही.

आता भाच्याची गोष्ट. पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या सळईचं ड्रॉइंग, नंबर एस-२०४, मंजूर प्रोग्रामप्रमाणे ३ जूनला मिळायचं होतं. पत्र जायचं होतं ५ जूनला. शटरिंग २४ जूनला पूर्ण होतं, सळई बांधायला २५ला सुरुवात. त्याआधी बीबीएस म्हणजे सळईच्या मापांची यादी बनवणं, कटिंग आणि बेंडिंग यांना १४ दिवस लागतात. म्हणजे ड्रॉइंग ११ जूनला आलं तरी २५ तारीख गाठता येते. ३ ते ११ जून हे आठ दिवस त्याच्या हातात सैल होते, आणि हे त्याने मला विचारल्यावर मोजलं. मी त्याला लिहून दिलेला मजकूर असा, त्यात जीएफसी म्हणजे बांधकामासाठी सोडलेलं ड्रॉइंग:

“विषय: ड्रॉइंग एस-२०४ बाबत कलम १.९ खालील नोटीस. सदर ड्रॉइंग मंजूर प्रोग्रामनुसार ३ जून रोजी मिळणे अपेक्षित होते. आज ५ जूनपर्यंत ते जीएफसी म्हणून मिळालेले नाही. पहिल्या मजल्याच्या स्लॅबची सळई बांधणी २५ जून रोजी सुरू होणार असून त्याआधी बीबीएस, कटिंग व बेंडिंगसाठी १४ दिवस लागतात. त्यामुळे ड्रॉइंग ११ जूनपर्यंत मिळणे आवश्यक आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे सळई बांधणी एक दिवस पुढे जाईल. हे काम क्रिटिकल पाथवर असल्याने काम पूर्ण होण्याची तारीखही तितकीच पुढे जाईल.”

यात कुणावर आरोप आहे का? संबंध बिघडतील असा एक शब्द दाखवा. उलट असं पत्र वाचून कन्सल्टंटला कळतं की पंचवीस ड्रॉइंगच्या ढिगातून आधी कोणतं काढायचं. विनवणीच्या पत्राने ते कधीच कळत नाही.

११ जून उलटला की दुसरं पत्र. त्यात पहिल्याचा संदर्भ, ड्रॉइंग अजून आलेलं नाही हे, आणि मग हे वाक्य: “या घटनेमुळे काम पूर्ण होण्यास विलंब होणार असून कलम २०.१ अन्वये मुदतवाढ व खर्च यांसाठी आम्ही दावा करीत आहोत, त्याची ही नोटीस. दिवसांचा आकडा आज निश्चित करता येत नाही. तपशीलवार दावा विहित मुदतीत सादर करू.” आकडा नाही म्हणून लोक नोटीस अडवून धरतात. नोटिशीला आकडा लागत नाही, तो तपशीलवार दाव्याला लागतो. पत्र कराराप्रमाणे इंजिनीअरच्या नावे, लेखी आणि पोच घेऊन द्यायचं. साइटच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज यात धरू नका.

अर्धं सत्य एक आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कलम नंबर चुकला म्हणून १९९९च्या फिडिकखाली नोटीस आपोआप बाद होत नाही. जिब्राल्टरच्या विमानतळाखालच्या बोगद्याच्या खटल्यात इंग्लंडच्या कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की नोटिशीला ठरावीक साचा नाही. पण त्याच दमात हेही सांगितलं की ती दावा म्हणून ओळखू आली पाहिजे आणि कुठल्या घटनेबद्दल आहे ते तिच्यात हवं. फॉरवर्ड करणाऱ्याने अर्धंच ऐकलं असावं. आणि २०१७च्या आवृत्तीत नोटिशीवर ‘नोटीस’ असं लिहिलेलंच लागतं.

दुसरा मुद्दा ऐकायला गोड आहे, म्हणून तो पसरतो. समजा एस-२०४ शेवटी २४ जूनला आलं. प्रोग्रामच्या तारखेपेक्षा २१ दिवस उशिरा. १४ दिवसांचं कटिंग-बेंडिंग धरून सळई ८ जुलैला तयार, म्हणजे बांधणी २५ जूनऐवजी ८ जुलैला सुरू. काम अडलं ते १३ दिवस. बाकीचे आठ त्या सैल दिवसांत जिरले. तुम्ही २१ मागितलेत तर समोरचा ते आठ दिवस तर कापेलच, शिवाय उरलेल्या तेरांकडेही संशयाने बघेल. त्याच साइटवर पंपांच्या फाउंडेशनचं ड्रॉइंग ४० दिवस उशिरा आलं होतं, आणि पंप यायला अजून दोन महिने होते. त्याची मुदतवाढ शून्य. दिवस ड्रॉइंगचे मोजायचे नसतात, अडलेल्या कामाचे मोजायचे असतात, आणि तेही काम पूर्ण होण्याच्या तारखेपर्यंत पोचतात का हे बघून. आणखी एक गोष्ट इथेच चुकते. ‘माहितीसाठी’ शिक्क्याचं ड्रॉइंग आधी आलेलं असतं आणि समोरचा तीच तारीख धरतो. त्या ड्रॉइंगवर सळई कापता येत नाही, म्हणून दाव्यात जीएफसी रिव्हिजनची तारीख वेगळी दाखवायची.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. रजिस्टर सांगतं ड्रॉइंग कधी आलं. कधी यायला हवं होतं आणि न आल्याने काय थांबलं, हे त्यात नसतं. पुरावा म्हणून ते हवंच, पण ती नोटीस नाही.

चौथा तर सरळ पायावर धोंडा आहे. १९९९च्या फिडिकमध्ये घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस, नाहीतर वेळही गेली आणि पैसेही. ४२ दिवसांत तपशीलवार दावा. २०१७मध्ये तो ८४ दिवसांत. परिणाम चालूच असेल तर पहिला दावा अंतरिम धरतात आणि पुढे दरमहा सुधारत जातात. जिब्राल्टरच्या निकालात २८ दिवस प्रत्यक्ष विलंब सुरू झाल्यापासूनही मोजता येतात असं उदार वाचन आहे, पण त्यावर विसंबायचं ते वाद हातात आल्यावर. पत्र लिहिताना सगळ्यात आधीची तारीख धरायची. भाच्याच्या बाबतीत ती ३ जून, म्हणून शेवटचा दिवस १ जुलै. शेवटचं बिल तेव्हा कुठे असणार आहे?

हे सगळं झाल्यावर मी त्याला आणखी एक विचारलं, जे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. कलम १.९च्या शेवटी लिहिलंय की ड्रॉइंगचा उशीर कॉन्ट्रॅक्टरच्याच चुकीमुळे किंवा त्याने द्यायचा कागद उशिरा दिल्यामुळे झाला असेल, तर तेवढ्यापुरता हक्क नाही. “लिफ्टच्या इन्सर्ट प्लेट्सचा तपशील आपण कधी दिला?” थोडा वेळ शांतता. १५ मेला द्यायचा होता, २८ मेला गेला. म्हणजे कन्सल्टंटचं उत्तर मला आत्ताच दिसतंय: उशीर तुमच्याच तपशिलामुळे.

लपवून उपयोग नाही, त्यांच्या रजिस्टरवर तारीख आहे. पण त्या प्लेट्स फक्त लिफ्टच्या शाफ्टभोवती येतात. तेवढा भाग क्लाउड करून, म्हणजे ढगासारख्या रेषेने घेरून, ‘होल्ड’ लिहून बाकीच्या स्लॅबचं ड्रॉइंग ३ जूनला सोडता आलं असतं. म्हणून नोटिशीत एक परिच्छेद वाढवला: इन्सर्टचा तपशील २८ मे रोजी दिला आहे, त्याचा संबंध केवळ लिफ्ट शाफ्टलगतच्या भागाशी आहे, तो भाग होल्ड ठेवून उर्वरित ड्रॉइंग ११ जूनपर्यंत द्यावे. पत्र ५ तारखेला दुपारी गेलं, पोचेवर सही घेऊन.