एकदा परत नांदायला गेली, म्हणून?

"तू तिकडे फॅमिली कोर्टाचंच काम करतेस म्हणून विचारते. मी परत नांदायला गेले होते नऊ महिने, म्हणून यांचा वकील म्हणतो मी सगळं माफ केलं, आता केसच उभी राहत नाही. असं खरंच असतं का गं?" बडोद्याहून मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज, तिकडे रात्रीचे साडेअकरा.

ताई, अर्धं असतं, आणि तो वकील त्या अर्ध्यावरच उभा आहे.

लग्नाआधी मी दोन वर्षं बडोद्यात नानाकाकांच्या हाताखाली ज्युनियर होते, आता अकरा वर्षं झाली इंग्लंडमध्ये लेस्टरला, इथं एका सॉलिसिटरच्या ऑफिसात घटस्फोटाचे कागद तयार करते. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर हा विषय निघाला की सगळे मलाच टॅग करतात. आमचे मामा म्हणतात, तुमच्याकडे बरं आहे, सहा महिन्यांत सुटका, कोणी विचारत नाही का ते. मावशी म्हणते, म्हणूनच तिकडे कुणाची घरं टिकत नाहीत, आपल्याकडे कायद्यानंच कडी घातली आहे ते बरं. मला दोघांचंही पटत नाही, पण ते फोनवर सांगणं अवघड आहे म्हणून इथं लिहिते.

आधी ताईचं काय झालं ते. 2021 च्या मार्चमध्ये ती माहेरी आली, दांडिया बाजारात, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन. मारहाण झालेली, डॉक्टरचा कागद होता. डिसेंबरमध्ये दोन्हीकडची वडीलधारी बसली, नवऱ्यानं साध्या वहीच्या पानावर लिहून दिलं की परत हात उचलणार नाही आणि तिचा पगार तिच्याच खात्यात राहील. ती गेली. 2022 च्या फेब्रुवारीत लग्नाचा वाढदिवस झाला, केक, दोघांचा फोटो, तिनं सासूला व्हॉट्सॲपवर लिहिलं "आता सगळं छान आहे आई". सप्टेंबरमध्ये त्यानं हात नाही उचलला, पण तिचं एटीएम कार्ड काढून घेतलं, जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांसमोर तिच्या आईबापावरून बोलला आणि रात्री दार लावून घेतलं. दहा दिवसांत ती परत माहेरी. 2023 च्या सुरुवातीला क्रूरतेवर घटस्फोटाचा अर्ज. आता उलटतपासणीत तो केकचा फोटो येणार.

कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 मध्ये लिहिलंय की कारण सिद्ध झालं तरी कोर्टानं आणखी काही गोष्टी बघायच्या. त्यातली एक, अर्जदारानं क्रूरता माफ तर केली नाही ना. आणि गंमत म्हणजे समोरच्यानं हा मुद्दा काढलाच नाही तरी कोर्टानं स्वतःहून तपासायचा. हे सुप्रीम कोर्टानं 1975 मध्ये दास्ताने विरुद्ध दास्ताने या केसमध्ये ठसवून सांगितलं, आपल्या पुण्याकडचीच केस, 1956 चं लग्न. तिथं अर्जदार नवरा होता, बायकोची क्रूरता कोर्टानं मान्य केली, आणि तरी नवरा हरला! कारण ते सगळं होऊनही 1961 च्या फेब्रुवारीपर्यंत ते नवराबायको म्हणून एकत्र राहत होते आणि ती घर सोडून गेली तेव्हा गरोदर होती. तिच्या बाजूनं माफीचा मुद्दा मांडलेलाही नव्हता.

ताईच्या नवऱ्याचा वकील इथपर्यंतच वाचतो. त्याच निकालात पुढे असं आहे की माफी म्हणजे गुन्हा पुसला गेला असं नाही, तो झाकला जातो. माफीला न बोललेली अट असते, परत तसं वागणार नाहीस. अट मोडली की जुनं सगळं वर येतं, आणि नवं वागणं जुन्यासारखंच असायला हवं असंही नाही. म्हणजे मारहाणीची माफी एटीएम कार्डानं आणि जिन्यातल्या शिव्यांनी मोडू शकते. मोडलीच असं मात्र आपोआप होत नाही हं, दास्ताने केसमध्ये नंतरच्या गोष्टी कोर्टाला पुरेशा वाटल्या नव्हत्या. हे जज बघून ठरवतात, आणि ताईच्या केसमध्ये काय ठरवतील ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

आता मला जे खरं टोचलं ते. मी तिला अर्जाची पानं स्कॅन करून पाठवायला सांगितली. गुजरातीत टाईप केलेला अर्ज, त्यात परिच्छेद 14: अर्जदारानं क्रूरता कधीही माफ केलेली नाही आणि उभयतांत काही संगनमत नाही. बस. डिसेंबर 2021 चा समेट, वहीचं पान, नऊ महिने, एक अक्षर नाही. मार्च 2021 वरून लेखणी उडी मारून थेट सप्टेंबर 2022. हा परिच्छेद प्रत्येक अर्जात असतो, संगनमत नाही हे तर लिहावंच लागतं, म्हणून टायपिस्टकडे तयारच असतो, नाव बदलायचं आणि छापायचं. तिच्या वकिलाला वाटलं समेट लिहिला तर केस कमजोर होईल. झालं उलटं. आता फोटो समोरच्याच्या हातून येणार आणि ताई खोटं बोलली असं दिसणार, खरं तर ती काहीच खोटं बोलली नाहीये.

मी नानाकाकांना फोन लावला. वय 81, सूरसागरशेजारच्या न्यायमंदिराच्या पायऱ्या चढण्यात आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, "अगं, समेट लपवायचा नसतो, आपणच आधी सांगायचा. या तारखेला गेले, या अटीवर गेले, हा कागद, या तारखेला अट मोडली. अर्ज दुरुस्त करायला परवानगी मागा, पुरावा सुरू झाला असेल तर उशीर का झाला ते सांगावं लागेल, जज कुरकुरतील, पण मागा." मग म्हणाले की तिला विचार, ती गेली ती मनानं गेली की बघू या म्हणून गेली? कारण परत घरात पाय ठेवला म्हणजे माफी नव्हे, सगळं माहीत असून क्षमा केली आणि नवराबायकोचं नातं होतं तसं परत सुरू झालं, असं दोन्ही लागतं. मुलाच्या शाळेसाठी, आईबापाच्या दडपणाखाली, वेगळ्या खोलीत राहून काढलेले महिने वेगळे. हे मी तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पहिले तीन महिने मी खरंच मनानं राहिले गं."

हे खरं आहे आणि हेच सांगायचं. मला राग येतो तो इथंच. जी बाई संसार वाचवायला परत गेली तिच्याच हातात कोर्ट बेडी घालतं, आणि जी पहिल्याच थपडेला निघून आली आणि परत वळून पाहिलं नाही तिची केस स्वच्छ. मग मावशी ज्या कडीचं कौतुक करते ती कडी कुणाला आत ठेवते?

मामांचं म्हणणं पण घ्या. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून कुणाचा दोष सांगायचाच नसतो. अर्ज दाखल झाला की किमान 20 आठवडे थांबायचं, मग पहिला आदेश, मग आणखी 6 आठवडे, मग शेवटचा. माफी, संगनमत, उशीर, कुणी काही विचारत नाही. मामा तर म्हणाले ताईला तिकडे बोलाव आणि तिकडेच उरकून टाक! अहो मामा, व्हिजिटर व्हिसावर येऊन घटस्फोट मिळत नाही, आणि मिळाला तरी परदेशातल्या अशा निकालाला आपली कोर्टं सहजी मान देत नाहीत, 1991 मध्येच सुप्रीम कोर्टानं त्यावर अटी घातल्या आहेत. आणि इथं सगळं गोड आहे असंही नाही. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक पंजाबी बाई आली, एकोणीस वर्षांचा मार, फॉर्म भरताना मला विचारते, हे कुठं लिहू? त्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागाच नाही. लग्न मोडलंय एवढं एक वाक्य. ती रडली नाही, नुसती पेन धरून बसली. तिला सुटका हवी होतीच पण कुणीतरी एकदा ऐकून लिहून घ्यावं हेही हवं होतं.

म्हणून मला दोष काढून टाकणारा नवा कायदा जसाच्या तसा बडोद्यात नकोय. पण इंग्लंडच्याच जुन्या कायद्यातली, 1973 च्या, एक गोष्ट मला उचलावीशी वाटते. त्यात होतं की वागणुकीच्या कारणावर अर्ज असेल तर शेवटच्या घटनेनंतर एकूण सहा महिन्यांपर्यंत एकत्र राहिले तरी ते धरायचंच नाही. हेतू हा की माणसानं भीती न बाळगता परत प्रयत्न करून बघावा. आणि मोजायचं शेवटच्या घटनेपासून, पहिल्या मारापासून नाही! ताईची शेवटची घटना सप्टेंबर 2022, त्यानंतर ती दहा दिवस राहिली. त्या हिशेबानं तिचे नऊ महिने तिच्या अंगावर येतच नाहीत. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही, सगळं जजच्या समजुतीवर.

नानाकाका याला हसले. म्हणाले आकडा दिलास की लोक पाच महिने एकोणतीस दिवसांचं कॅलेंडर ठेवतील. तेही बरोबर असेल. ते जुन्या वळणाचे, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात 1931 मध्येच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, मुंबईनं 1947 मध्ये, हे ते दर वेळी सांगतात, याही वेळी सांगितलं.

कलम 23 मधल्या बाकीच्या अटींचं मी थोडक्यात सांगते कारण आमच्या गल्लीतला दादा ग्रुपवर मध्येच स्वतःचं घेऊन आला, की माझी बायको सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली, आता उशीर झाला का? दादा, कायद्यात वर्षं लिहिलेली नाहीत, विनाकारण उशीर नको एवढंच आहे, वाट का बघितली ते सांगता आलं पाहिजे. तू मात्र पोटगीचा हुकूम होऊन एक पैसा दिला नाहीस हे आधी बघ, कारण स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येत नाही ही पण अट आहे, आणि 2001 मध्ये पोटगी थकवणाऱ्या नवऱ्याला सुप्रीम कोर्टानं याच कारणावर घटस्फोट नाकारला होता. दादा ग्रुपमधून लेफ्ट झाला. संगनमताचं म्हणाल तर 1976 मध्ये परस्पर संमतीचा रस्ता आल्यापासून त्याची धार गेलीय, ज्यांना ठरवूनच वेगळं व्हायचं ते सरळ त्या दारानं जातात.

ताईच्या दुरुस्त अर्जाचा मसुदा नानाकाका पेन्सिलनं लिहितायत, मी इथून टाईप करते, तिचा वकील तोंड वाकडं करतोय पण कोर्टात देईन म्हणालाय. काल रात्री तिनं विचारलं, तो केकचा फोटो आणि सासूला केलेला मेसेज मी माझ्या फोनमधून उडवून टाकू का? नको म्हटलं. वहीचं पान आणि फोटो एकाच पाकिटात ठेव, तारखेप्रमाणे, आधी पान, मग फोटो, मग सप्टेंबरचा बँकेचा एसएमएस.