आठ रुपयांचा ऑप्टो काढायला सांगणाऱ्यांसाठी

"ऑप्टोकपलर म्हणजे फुकटचा खर्च. लाईट आलीय का हे ईएसपी32 कंट्रोलरला कळवायला दोन रेझिस्टर पुरे, एक दहा लाख ओहमचा टाकला की शॉक लागतच नाही. ऑप्टोवाला रिले बोर्ड लावला तरी ईएसपी हँग होतोच, आणि ऑप्टो दोन वर्षांत जातो. शेअर करा."

हा फॉरवर्ड शेअर झाला आणि माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने विहिरीवरच्या मोटरसाठी तस्संच बनवलं. घरी टेबलावर मस्त चाललं, मग शेतात नेऊन लावलं आणि मला फोन, "मामा, यूएसबीच्या पत्र्याला टेस्टर लावला तर पेटतोय." नशीब आधी टेस्टर लावला, बोट नाही.

आता तो दहा लाख ओहमचा रेझिस्टर कुठे आहे बघा. तो फेजच्या वायरीत आहे. दुसरी वायर, न्यूट्रल, सरळ ईएसपीच्या ग्राउंडला जोडलीय, मध्ये काहीच नाही. घरी प्लग बरोबर बाजूने बसला होता म्हणून ग्राउंडवर न्यूट्रल होता. शेतात दोन पिनचा प्लग उलटा बसला आणि ग्राउंडवर सरळ फेज आला, रेझिस्टर राहिला न्यूट्रलकडे. म्हणजे यूएसबीचा पत्रा, लॅपटॉप जोडला तर त्याचे स्क्रू, सगळ्यावर 230 व्होल्ट, आणि खाली ओली माती. बरं प्लग सरळ बसवला तरी सुटका नाही, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला आणि शेडमधला एक बल्ब जरी चालू असला तरी त्या बल्बमधून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरीवर येतो. शेतातल्या लाईनला न्यूट्रल तुटणं काय नवीन आहे का?

ऑप्टोत हे होत नाही कारण तिथे जोडणारी वायरच नसते. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, मध्ये प्लास्टिक, पलीकडे जातो तो फक्त उजेड. साध्या पीसी817 ची शार्पची डेटाशीट उघडा, इनपुट-आउटपुटमध्ये 5000 व्होल्ट एसी एक मिनिट सहन करण्याची चाचणी दिलीय (एक मिनिट, कायम नाही, हेही फॉरवर्डवाल्यांनी वाचावं) आणि दोन बाजूंमधलं कपॅसिटन्स 0.6 पिकोफॅरड.

भाच्याला मग असं करून दिलं: फेजमधून 47 के चे दोन रेझिस्टर ओळीने, मग ऑप्टोचा एलईडी, त्याला समांतर पण उलटा एक 1एन4007 डायोड, आणि न्यूट्रल. करंट साधारण अडीच मिलीअँप. प्रत्येक रेझिस्टर पाव वॉटच्या थोडा वर तापतो म्हणून एक वॉटचे घेतले. पलीकडे 10 के चा पुल-अप 3.3 व्होल्टला. लाईट असली की पिन दर 20 मिलिसेकंदाला एकदा खाली येते, तेवढं मोजायचं. आणि ऑप्टोच्या खालून एकही ट्रॅक नेऊ नका, जमलं तर तिथे बोर्डला खाच पाडा, मोटरच्या पेटीत धूळ आणि पाली दोन्ही येतात.

हो, एक गोष्ट कबूल करतो. बरेच डिजिटल मीटर आणि स्मार्ट प्लग खरंच रेझिस्टरनेच व्होल्टेज मोजतात, ऑप्टो नसतो. पण तिथे आतलं सगळं सर्किट फेजवरच आहे असं धरून ते बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेलं असतं, बाहेर यूएसबी लोंबत नसते.

आता हँग होण्याचं. रिले बोर्डावर जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसीच्या मध्ये जो छोटा जंपर असतो तो तसाच ठेवला, तर रिलेची कॉइल आणि ईएसपी एकाच 5 व्होल्टवर, एकाच ग्राउंडवर. एका कॉइलचे 70 मिलीअँप त्याच वायरीतून येणार-जाणार, वर स्टार्टर सुटतानाचा झटका रिलेच्या वायरींमधून आत येऊन तोच रस्ता धरणार. ऑप्टो बिचारा जागेवर आहे, तुम्ही त्याच्या शेजारून पूल बांधलाय! जंपर काढा, जेडी-व्हीसीसी आणि बोर्डचं ग्राउंड वेगळ्या अडॅप्टरला, व्हीसीसी ईएसपीच्या 5 व्होल्टला, आणि ईएसपीचं ग्राउंड रिले बोर्डला जोडूच नका. झालं की सगळी लाईट बंद करून मल्टीमीटर दोन्ही ग्राउंडवर लावा. बीप वाजला तर कुठेतरी पूल अजून आहे.

दोन वर्षांत जातो म्हणे. एलईडी वर्षानुवर्षं हळूहळू मंद होतो हे खरं, म्हणून तर पलीकडे फक्त पाव-अर्धा मिलीअँप लागेल असा पुल-अप ठेवलाय. मंद झाला तर एक दिवस "लाईट नाही" असं दिसेल आणि मोटर सुरू होणार नाही.

भाच्याच्या बोर्डात पहिल्यांदा बीप वाजलाच. त्याने "स्टेबल राहावं म्हणून" दोन्ही ग्राउंड एका वायरीने जोडून ठेवले होते. तेही त्याच फॉरवर्डच्या खालच्या कमेंटमध्ये लिहिलं होतं म्हणे.