पाचशेचे दोन हजार कसे झाले

"दादा, शाळेच्या ॲपवरून चारही हप्ते भरले, खात्यातून पैसे गेले, तरी 2,000 बाकी दाखवतंय आणि मुलाचा रिझल्ट लॉक केलाय. तुमच्याकडे इंग्लंडात असलं काही होतं का रे?"
(मावसबहीण, इंदिरानगर, नाशिक)

इकडे येण्याआधी मी नाशकातच शाळांच्या ईआरपीचं, म्हणजे फी, रिझल्ट, टाइमटेबल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सपोर्टचं काम करायचो, त्यामुळे तिला म्हटलं इंग्लंडचं नंतर बघू, आधी शाळेकडून स्टुडंट लेजर माग, नुसत्या पावत्या नकोत. पावतीवर किती भरले ते कळतं, ते पैसे कुठल्या खात्यावर गेले ते लेजरमध्येच दिसतं.

लेजर आलं आणि सगळा घोळ पहिल्याच ओळीत होता. वर्षाची फी 48,000, हप्ता 12,000 चा, पहिल्या हप्त्याची शेवटची तारीख 15 जून. हिने 15 जूनला रात्री बारा वाजायच्या जरा आधी यूपीआयने भरले. पैसे गेले, पण ॲपमधलं चक्र फिरतच राहिलं. होतं काय की पैसे जमा झाले की पालक आणि शाळा यांच्यामधली पैसे पोचवणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, ईआरपीच्या सर्व्हरला एक मेसेज पाठवतो, त्या वेळी सर्व्हर झोपलेला असेल किंवा शेवटच्या तारखेच्या गर्दीत अडकला असेल तर मेसेज हुकतो, मग गेटवेकडे व्यवहार सक्सेस आणि ईआरपीकडे तोच पेंडिंग. रात्री बाराला ईआरपीने आपोआप 500 लेट फी लावली. 18 तारखेला ऑफिसने बँकेशी ताळा घेताना पैसे सापडले, पावती फाडली, पण तारीख टाकली 18 ची. आणि सिस्टीमचा नियम असा की आलेल्या पैशातून आधी दंड वळता करायचा, मग फी. म्हणजे 500 दंडाला, 11,500 फीला, बाकी 500.

पुढचं गणित सरळ आहे. दुसऱ्या हप्त्याला ॲप 12,500 मागतंय, हिला वाटलं काहीतरी चुकलंय, हिने रक्कम बदलून 12,000 च भरले, तेही मुदतीत. जुने 500 आधी वळते झाले, नवा हप्ता 500 ने कमी पडला, तारीख उलटली की पुन्हा 500 दंड, बाकी 1,000. तिसऱ्याला 1,500, चौथ्याला 2,000. चारही हप्ते वेळेत भरणाऱ्या बाईला चार वेळा लेट फी लागली, आणि ईआरपीच्या हिशेबात बेरजेची एकही चूक नाही!

फॅमिली ग्रुपवर मात्र वेगळीच चर्चा पेटलेली. भावजी म्हणाले रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पैसे अडकले की पाच दिवसांत आपोआप परत येतात, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई. नियम खरा आहे, 2019 चा आहे, पण तो दुकानदाराकडे कन्फर्मेशन पोचलंच नाही त्या केससाठी. इथे बँकेच्या लेखी पैसे शाळेला पोचलेत, मग परत येणार कुठून? ओळखायचं सोपं आहे, यूपीआय ॲपमध्ये व्यवहार सक्सेस दिसत असेल तर त्यातला 12 आकडी रेफरन्स नंबर शाळेला द्यायचा आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधा म्हणायचं. नंबर तिथे सापडला तर घोळ ईआरपीच्या नोंदीत आहे, बँकेत हेलपाटे मारायची गरज नाही.

पंचवटीचे काका निवृत्त शिक्षक, त्यांचं म्हणणं ॲप बंद करा, पूर्वीसारखी खिडकीवर रोख घ्या. एका बाबतीत काकांचं पटतं, खिडकीवरचा माणूस पैसे घेतानाच तारीख टाकायचा. पण रोखीच्या काळातले पावतीपुस्तकांचे घोळ काका सोयीने विसरतात. मग वहिनी बोलल्या. त्या गंगापूर रोडच्या एका शाळेत अकाउंट्स बघतात. त्यांनी सांगितलं, "आमच्या खात्यात गेटवेकडून दिवसाची एकच मोठी रक्कम येते, तीही पुढच्या एकदोन कामाच्या दिवसांत, कार्डवाल्यांचे चार्जेस कापून. त्यात कोणाचे किती ते रिपोर्ट लावून जुळवायचं. रोज जुळवलं तर अर्धा तास, आठवड्याने जुळवलं तर अख्खा दिवस जातो आणि तोवर दंड लागलेले असतात. आणि दंड माफ करायचा अधिकार क्लार्कला नाही, संस्थेच्या सेक्रेटरींची सही लागते."

आता इंग्लंड. माझा मुलगा सरकारी शाळेत आहे, तिथे फीच नाही, त्यामुळे लॉकचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणून "परदेशात बघा कसं" असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. इथल्या खाजगी शाळांची फी नाशिकच्या पालकाला चक्कर आणेल, वर जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट. मात्र तिथे हप्ता बऱ्याचदा डायरेक्ट डेबिटने, म्हणजे थेट बँक खात्यातून कापून, जातो, आणि चुकीची रक्कम कापली गेली तर बँक आधी पैसे परत देते, वाद नंतर. भांडणाचा पहिला बोजा पालकावर पडत नाही, एवढं मात्र मला आवडतं.

दुसरी गोष्ट रेकॉर्डची. आम्ही लेस्टरहून घर बदललं तेव्हा मी जुन्या शाळेत दाखला मागायला गेलो तर ऑफिसातली बाई माझ्याकडे बघतच राहिली. इथे सरकारी शाळा मुलाची फाइल थेट नव्या शाळेला ऑनलाइन पाठवते, 15 शालेय दिवसांत पाठवायचीच असते. आपल्याकडेही यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाचा कायमचा पेन नंबर आहे, जुन्या शाळेने मुलाचं नाव तिथल्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं की नवी शाळा ओढून घेते. पण जुन्या शाळेने टाकलं तर ना! फी बाकी म्हणून तिथेच अडवून ठेवायचं, हा हत्यारासारखा वापर झाला. आरटीई कायद्याच्या कलम 5 प्रमाणे आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, पण त्या कलमातला बदलीचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळेत जाण्यापुरता आहे, एका खाजगी शाळेतून दुसऱ्या खाजगीत जाणाऱ्याला त्याचा फारसा आधार नाही.



माझं मत विचाराल तर फी आणि रिझल्ट यांच्यातली ती आपोआप लागणारी कडीच काढली पाहिजे, लॉक लावायचाच तर माणसाने लेजर बघून लावावा. वहिनींना हे अर्धंच पटतं. त्या म्हणतात लॉक काढला तर मार्चनंतर कोणी फी भरत नाही, पगार कुठून करायचे? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण बाकी गोष्टी सेटिंगमध्ये होतात. पेंडिंग व्यवहार रोज रात्री दंड लावायच्या आधी गेटवेला विचारून घ्यायचे, पावती कधीही फाडा पण दंड मोजताना तारीख व्यवहाराची धरायची, आणि आलेले पैसे आधी फीला, मग दंडाला. माफ केलेल्या दंडाची उलटी नोंद टाकायची, जुनी ओळ पुसायची नाही, नाहीतर ऑडिटला वेगळाच तमाशा.

बहिणीने पहिल्या व्यवहाराचा रेफरन्स नंबर आणि वेळेचा स्क्रीनशॉट लावून अर्ज दिलाय, फक्त पहिल्या 500 च्या माफीचा नाही तर 15 जूनची तारीख धरून अख्खं लेजर पुन्हा चालवा असा, कारण नुसते 500 माफ केले तर पुढचे तीन दंड तसेच राहतात. सेक्रेटरी गावाला गेलेत म्हणे, सोमवारी येतील.