दूतावासाचा ड्रायव्हर, दूताची उन्मुक्ती आणि राज्याची उन्मुक्ती

“दूतावास म्हणजे त्या देशाचीच जमीन. तिथं ड्रायव्हर म्हणून लागलेल्या आपल्या पोरालाही इम्युनिटी असते, पोलीस त्याला हात लावू शकत नाहीत. आणि त्याच इम्युनिटीमुळं दूतावासानं पगार बुडवून काढून टाकलं, तरी भारतातलं कुठलंच कोर्ट त्याची केस घेत नाही.”

हा मजकूर बीड जिल्ह्यातल्या गटांत फिरत असतानाच केज तालुक्यातले एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन अंबाजोगाईला माझ्याकडे आले. मुलगा दिल्लीत चाणक्यपुरीतल्या एका दूतावासात सहा वर्षे ड्रायव्हर होता. कामाची वेळ आठ तास ठरलेली असताना तो बारा-तेरा तास गाडीवर असे. जादा वेळेचे पैसे मागितल्यावर महिन्याच्या आत त्याला कामावरून कमी केले. “कोर्ट घेतच नाही म्हणतात, मग कागद तरी कशाला आणायचे?” असे वडिलांनी विचारले. त्या मजकुरावर विसंबून हा माणूस हक्काचे पैसे सोडून द्यायला निघाला होता, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

जमिनीचा मुद्दा लवकर संपतो. दूतावासाची जागा भारताचीच जमीन आहे. राजनैतिक संबंधांवरच्या 1961च्या व्हिएन्ना कराराने तिला अनुल्लंघनीयता दिली आहे, म्हणजे दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय आपल्या पोलिसांना आत जाता येत नाही. मात्र आत घडलेला गुन्हा हा भारतात घडलेलाच गुन्हा असतो, आणि यजमान देशाचे कायदे पाळण्याचे कर्तव्य त्याच कराराच्या कलम 41 ने दूतावासातल्या लोकांवर घातलेले आहे.

ड्रायव्हरच्या संरक्षणाबद्दलचा समज अधिक घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणारा तरुण अडचणीत येऊ शकतो. संपूर्ण फौजदारी संरक्षण राजदूत आणि राजनैतिक अधिकाऱ्यांना असते. मायदेशातून आणलेल्या ड्रायव्हरची गणना सेवक वर्गात होते आणि त्याला केवळ कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांपुरते संरक्षण मिळते. इथे भरती झालेल्या भारतीय नागरिकाला मात्र कलम 38 नुसार भारत स्वतः देईल तेवढेच संरक्षण असते; नुसत्या नोकरीने ते मिळत नाही. हा करार 1972च्या अधिनियमाने आपल्याकडे कायदा झाला आहे. निळी पाटी आणि तिच्यावरची सीडी ही अक्षरे गाडीची ओळख सांगतात. त्या गाडीची झडती घेता येत नाही आणि तिच्यावर जप्ती आणता येत नाही, पण तिने कोणाला धडक दिली तर भारतीय ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याला अटकही होऊ शकते.

आता पगाराकडे वळू. मूळ गोंधळ असा, की दोन वेगळ्या उन्मुक्ती, म्हणजे इम्युनिटी, इथे एकच समजल्या गेल्या आहेत. राजनैतिक उन्मुक्ती माणसाला त्याच्या पदामुळे मिळते, तर राज्याची उन्मुक्ती परकीय राज्याला, म्हणजे त्या देशालाच मिळते. ड्रायव्हरचा मालक राजदूत नसून ते राज्य असते, त्यामुळे पगाराच्या वादात प्रश्न राज्याच्या उन्मुक्तीचा येतो आणि ती आज अनेक देशांत निरपवाद राहिलेली नाही. राज्य म्हणून सत्ता गाजवणारी कृती एका बाजूला आणि कोणीही मालक करू शकेल असा व्यवहार दुसऱ्या बाजूला, असा भेद तिथली न्यायालये करतात.

याचे उत्तम उदाहरण बर्लिनचे आहे, आणि तेही ड्रायव्हरचेच. अल्जेरियाच्या दूतावासाने 2002 मध्ये तिथे एक ड्रायव्हर नेमला. त्याने 2007 मध्ये जादा तासांच्या पैशांसाठी दावा केला आणि त्याच महिन्यात त्याला काढून टाकण्यात आले. वाद झाल्यास फक्त अल्जेरियाच्या न्यायालयातच जाता येईल, अशी अट करारात होती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 19 जुलै 2012 रोजी सांगितले, की कर्मचाऱ्याचे काम सार्वजनिक सत्तेच्या वापरात मोडत नसेल, तर त्याच्या दाव्यापुरता दूतावास हा त्या राज्याचा तिथला व्यवसाय-विभागच मानावा; आणि वाद उद्भवण्याआधी घातलेल्या अशा अटीने कर्मचाऱ्याचा स्थानिक न्यायालयात जाण्याचा हक्क हिरावता येत नाही. त्याचे काम सत्तेच्या वापरात मोडते की नाही, हे ठरवणे मात्र जर्मन न्यायालयावर सोपवले.

हा निकाल भारतीय न्यायालयांना बंधनकारक नाही. आपल्याकडे वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 मधून जाते. परकीय राज्यावर दावा लावायचा तर केंद्र सरकारची लेखी संमती लागते, आणि ती कोणत्या परिस्थितीत देता येते हेही त्याच कलमात आहे: त्या राज्याने अर्जदारावर दावा लावला असेल, ते इथे व्यापार करत असेल, वाद इथल्या स्थावर मालमत्तेचा असेल, किंवा राज्याने आपले संरक्षण स्पष्टपणे वा गर्भितपणे सोडले असेल. ड्रायव्हर नेमणे म्हणजे व्यापार, हे पटवणे अवघड आहे. म्हणून मी मुलाच्या नेमणूकपत्रात सर्वांत आधी भारतीय कायदा किंवा भारतीय न्यायालय यांचा उल्लेख शोधला. “हा करार भारतीय कायद्यानुसार राहील” असे वाक्य नवव्या परिच्छेदात सापडले. संरक्षण गर्भितपणे सोडले असे म्हणायला एवढेच पुरेल, अशी खात्री मी त्याला दिली नाही; पण अर्जाचा मुख्य आधार तेच वाक्य आहे.

संमती नाकारण्याआधी अर्जदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, हे कलमातच आहे. दूतावासात दुरुस्तीचे काम करून पैसे अडकलेल्या एका कंत्राटदाराच्या प्रकरणात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नकाराचा फेरविचार करायला लावला होता. अर्ज प्रलंबित असताना मुदत जाईल ही भीतीही नको. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे असते आणि मुदत कायद्याच्या कलम 15 नुसार संमती मिळवण्यात गेलेला काळ तीतून वगळला जातो. मात्र त्यासाठी अर्जाची तारीख सिद्ध करता आली पाहिजे, म्हणून अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

कलम 86 न्यायालयातल्या दाव्यांबद्दल बोलते. ग्राहक मंचाकडच्या तक्रारीला ते आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एका परदेशी विमान कंपनीच्या प्रकरणात म्हटले. त्या आधारे कामगार न्यायाधिकरणापुढेही असाच युक्तिवाद करता येतो. नोकरीवर परत घ्या अशी मागणी असेल, तर हा रस्ता तपासलाच पाहिजे, कारण दिवाणी न्यायालय अशा करारात सहसा नुकसानभरपाईपुरतेच थांबते.

खरी अडचण पुढे आहे. हुकूमनामा मिळाला तरी त्याच्या अंमलबजावणीला पुन्हा वेगळी संमती लागते, आणि दूतावासाच्या मालमत्तेवर जप्ती आणणे जवळजवळ अशक्य असते. पुराव्याचेही तसेच आहे. मुलगा सांगत होता, की रोजच्या फेऱ्या, किलोमीटर आणि वेळ गाडीच्या लॉगबुकात लिहून वर अधिकाऱ्याची सही होत असे. पण ते लॉगबुक दूतावासाच्या दप्तरात आहे, ते दप्तर कराराच्या कलम 24 नुसार अनुल्लंघनीय आहे आणि न्यायालय ते सक्तीने मागवू शकत नाही. त्यामुळे त्याचे स्वतःचे नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँक पासबुक, आणि “उद्या पहाटे चारला विमानतळावर ये” असे त्याला आलेले संदेश यांनाच किंमत आहे.

“आपल्या केजच्या कोर्टात चालेल का?” हे वडिलांनी शेवटी विचारले. काम, पगार आणि बडतर्फी तिन्ही दिल्लीत घडल्यामुळे दावा तिथेच लावावा लागेल. परराष्ट्र मंत्रालयाकडचा संमतीचा अर्ज मात्र अंबाजोगाईतूनच पाठवला आहे आणि त्याची पावती वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवली आहे.