पन्नास किलो कांदा, सहा किलो तीनशे ग्रॅम उतारा

> «वाळवणाच्या नावाखाली लूट!! कांद्यात 86 टक्के पाणी असतं, वाळल्यावर 6-7 टक्के उरतं. म्हणजे 80 टक्के पाणी गेलं, 20 टक्के माल परत मिळायलाच हवा. आमच्या बचत गटाने वाशीहून 50 किलो कांदा आणून ड्रायरवाल्याला दिला. 10 किलो यायला हवा होता, आला 6 किलो 300 ग्रॅम. दुपारी बघायला गेलो तर म्हणे पाणी 72 टक्क्यांवर आलं, आणि वजन निम्मं! 14 टक्क्यांत निम्मं कसं? शेवटचे चार तास तर ट्रेचं वजन हललंच नाही, तरी विजेचे पैसे लावले. जाब विचारा, पुढे पाठवा.»

आधी माझं सांगतो. मी रबाळे एमआयडीसीत अशाच एका ट्रे ड्रायरवर काम करतो. हा फॉरवर्ड ज्याच्याबद्दल आहे तो ड्रायर आमचा नाही, पण धंदा तोच. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कागद-पेन्सिल घेऊन बसा. गटातल्याच एका ताईंनी मला पावतीचा फोटो पाठवला, त्यामुळे आकडे हाताशी आहेत.

पहिली गोष्ट त्या पावतीवरच आहे आणि फॉरवर्डमधून गळली आहे. 50 किलो हे गोणीचं वजन. साल, शेंडा, मुळं आणि दोन-चार सडके कांदे काढल्यावर काप भरले 44 किलो. सहा किलो तिथेच गेलं, आणि ते गटाच्या बायकांनी स्वतःच्या हातांनी काढलं. यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता खरा घोटाळा. 86 आणि 6 हे दोन्ही टक्केच आहेत, पण एकाच वजनाचे नाहीत. 86 टक्के म्हणजे ओल्या कांद्याच्या वजनाचे. 6-7 टक्के म्हणजे वाळलेल्या कांद्याच्या वजनाचे. ते वजन आधीच कितीतरी लहान झालेलं असतं. एकातून दुसरा वजा करणं म्हणजे माझ्या पगारातले टक्के तुमच्या पगारातल्या टक्क्यांतून वजा करणं.

मग धरायचं काय? जे बदलत नाही ते. ड्रायरमध्ये उडून जातं ते पाणी. साखर, तंतू, क्षार हा कोरडा ऐवज ट्रेवरच राहतो. 44 किलो कापांत 14 टक्के कोरडा ऐवज म्हणजे 6 किलो 160 ग्रॅम. सकाळी ट्रे भरताना तो तेवढाच होता, रात्री उतरवतानाही तेवढाच. फक्त सकाळी तो एकूण वजनाचा 14 टक्के होता आणि वाळल्यावर 93 टक्के झाला. जे वजन 6.16 किलोला 93 टक्के बनवतं तेच तुमचा उतारा: 6.16 भागिले 0.93, म्हणजे 6 किलो 620 ग्रॅम. सूत्र हवं असेल तर हे:

```
शेवटचं वजन = सुरुवातीचं वजन × (100 − आधीचे पाण्याचे टक्के) ÷ (100 − नंतरचे पाण्याचे टक्के)
```

यात 44, 86 आणि 7 घाला, 6.62 येईल.

दुपारच्या वेळी वजन निम्मं झालं, याचा राग सगळ्यात जास्त दिसतो. तो मी समजू शकतो. पहिल्या वर्षी मीही काटा खराब आहे म्हणून दुसरा मागवला होता. पण पाण्याकडे न बघता कोरड्या ऐवजाकडे बघा. पाणी 86 वरून 72 वर आलं, म्हणजे कोरडा हिस्सा 14 वरून 28 टक्के झाला, दुप्पट. ऐवज तेवढाच असून त्याचा हिस्सा दुप्पट व्हायचा, तर एकूण वजन निम्मं होण्यावाचून दुसरा मार्गच नाही. 44 चे 22. काटा बरोबर होता.

हाच खेळ आणखी एकदा होतो. हिस्सा 28 चा 56 झाला की पाणी 44 टक्क्यांवर येतं आणि 22 चे 11 किलो होतात. तिसऱ्यांदा मात्र निम्मं होऊच शकत नाही, कारण 56 ची दुप्पट 112, आणि शंभर टक्क्यांपेक्षा जास्त कोरडं काही नसतं. म्हणून कांद्याचं वजन सुरुवातीला धडाधड पडतं आणि शेवटी जागेवर बसल्यासारखं दिसतं. टक्क्यांचं नेमकं उलट. पहिल्या टप्प्यात 22 किलो पाणी उडालं तेव्हा टक्के उतरले जेमतेम 14. आणि शेवटी 20 वरून 7 टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ तितकेच टक्के खाली येताना वजन 7.70 वरून 6.62 वर येतं. एक किलो आणि वर थोडं.

त्या शेवटच्या चार तासांचं उत्तर यातच आहे. 44 किलो काप दोन-दोन किलोप्रमाणे 22 ट्रेमध्ये होते. चार तासांत जो एक किलो गेला तो 22 ट्रेंत वाटला गेला, दर ट्रेला साधारण 50 ग्रॅम. लोखंडी ट्रेसकट वजन करायचं, काटा 100 ग्रॅमच्या पायरीचा, त्यावर 50 ग्रॅम कुठून दिसणार? वजन हललं, काट्याला कळलं नाही. आणि वेळ का लागतो, तर सुरुवातीला कापाचा पृष्ठभाग ओला असतो, गरम हवा लागली की पाणी सरळ उडतं. नंतर काप आकसतो, वरचा थर घट्ट होतो, आणि आतलं पाणी झिरपत झिरपत वर यावं लागतं. इथे घाई करून तापमान चढवलं तर कांदा आतून वाळत नाही, बाहेरून लाल होतो. आम्ही 60 अंशांच्या वर जात नाही, तेही सुरुवातीला. शेवटी थोडं उतरवतोच.

बरं, ते चार तास वाचवले असते तर? ज्यांना 10 किलो हवा होता त्यांच्यासाठी हिशेब करून बघू. कोरडा ऐवज तोच 6.16. म्हणजे 10 किलोच्या पिशवीत 3.84 किलो पाणी, 38 टक्के. असा कांदा हाताला मऊ लागतो, मुठीत दाबला की गोळा होतो, आणि बंद पिशवीत थोड्याच दिवसांत त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. नीट वाळलेला काप वाकत नाही, कट् करून मोडतो. वाळवणात लबाडी करायची असेल तर ती कमी माल देऊन फारशी होत नाही, ओला माल देऊन होते. कुणी 44 किलो कापांचे 8 किलो दिले तर खूश होऊ नका, एक काप मोडून बघा.

आता एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने. 6.62 यायला हवे होते, आले 6.30. हे 320 ग्रॅम खरोखरच कमी आहेत, आणि त्याबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझा अंदाज असा की ट्रेच्या जाळीला चिकटलेले तुकडे, चाळताना गळलेला चुरा, कडेचे करपलेले काप बाजूला काढणं, यात एवढं जातं. पण अंदाज तो अंदाज. ज्या 3 किलो 700 ग्रॅमवर एवढं रान उठलं, त्यातले 1 किलो 200 सालीच्या हिशेबाचे, जवळपास 2 किलो 200 टक्के चुकीचे वजा केल्याचे, आणि भांडायला उरले ते 320 ग्रॅम. भांडण करायचंच तर एवढ्याचं करा, जिंकायची शक्यता आहे.

त्यासाठी एक काम मात्र पुढच्या वेळी करावं लागेल. 86 हा आकडा पुस्तकातला आहे, तुमच्या गोणीतला नाही. पाणी 88 टक्के निघालं तर फरक फक्त दोनचा वाटतो, पण कोरडा ऐवज 14 चा 12 होतो आणि उतारा 6.62 वरून 5.68 वर येतो. सातवा हिस्सा गेला, कुणी हात न लावता. बाजारातल्या रोजच्या लाल कांद्यात असा फरक सहज पडतो. गुजरातेत महुव्याकडचे वाळवणवाले जास्त ऐवजाचा पांढरा कांदा उगाच शोधत नाहीत. त्यांची सगळी कमाई त्या दोन-चार टक्क्यांत आहे.

तेव्हा माल देण्याआधी कापांतून बरोबर 100 ग्रॅम काढा, पातळ पसरा आणि घरच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर, करपू न देता वाळवा. दर अर्ध्या तासाने ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की थांबा. 13 ग्रॅम उरले तर ऐवज 13 टक्के. थोडं पाणी आत राहतंच, पण हिशेबाला पुरतं. परत मिळालेल्या मालातूनही 100 ग्रॅम असेच वाळवा. दिलेला ऐवज आणि आलेला ऐवज शेजारी मांडले की चोरी आहे की नाही ते दिसतं. पाणी किती हा प्रश्नच मधून निघून जातो.

ऐवज बदलत नाही हे मी वर ठासून सांगितलं, ते ड्रायरमधल्या दहा-बारा तासांपुरतं. चाळीत चार महिने पडलेला कांदा श्वास घेत असतो आणि स्वतःची साखर जाळत असतो, कोंब फुटला तर आणखीच. तिथे वजनातली सगळी घट पाण्याची नसते. तसंच कापल्यावर कांदा धुतला तर रसाबरोबर साखरही मोरीत जाते. म्हणून धुवायचा तो अख्खा असताना.

ताईंनी पावतीसोबत आणखी एक फोटो पाठवला होता, ऐरोलीतल्या त्यांच्या ओट्यावरच्या पिशवीचा, तोंड उघडं. माल मेअखेरचा, फोटो जुलैचा. पावसाळी हवेत वाळलेला कांदा पाणी परत ओढून घेतो. 7 टक्क्यांचा 12 टक्के झाला की 6 किलो 300 ग्रॅमचे 6 किलो 660 होतात. ते हरवलेले 320 ग्रॅम परत आले आहेत म्हणायचे, वर 40 ग्रॅम जास्त. ताई, पिशवी बांधा, आणि त्याआधी एक काप मोडून बघा. वाकला तर पुन्हा तासभर ड्रायरमध्ये घालावा लागेल.