आत्या, मूळ फोटो पाठव ना

आत्याला काल पाठवलेला मेसेज. तिला विचारूनच इथे टाकतेय. "टाक, पण माझं नाव नको," म्हणाली.

आत्या, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो मिळाला. माझा चेहरा बारीक केलायस ना? खरं सांगू, पहिलं अर्धं मिनिट मलाही आवडला. मग आजीच्या हाताकडे लक्ष गेलं.

तिने माझ्या गालावर हात ठेवला होता, आठवतंय? तू माझा गाल आत ढकललास आणि त्याबरोबर तिची बोटंही आत गेली. संधिवाताने पेरं सुजलेली तिची बोटं फोटोत एकदम निमुळती झालीत, अंगठी तर चपटीच दिसतेय. मागच्या खिडकीचे गजही माझ्या कानापाशी वाकलेत. ते ॲप गाल कुठे संपला आणि हात कुठे सुरू झाला हे बघत बसत नाही, तेवढा तुकडाच आत ओढतं. त्या दिवशी मी खदखदून हसत होते गं, हसल्यावर गाल वर येणारच. 'स्थळांना पाठवायला बरा' असं तुझ्या मनात असेल, तर त्यासाठी वेगळा फोटो काढू. हा आजीचा आहे.

मूळ फोटो तुझ्या फोनमध्ये बहुतेक असणार. कॅमेऱ्यातच ब्यूटी मोड चालू राहिला असता तर मूळ असं काही उरलंच नसतं, पण मग आजीच्या आणि बाबांच्या चेहऱ्यावरही फरक दिसला असता. इथे बदललाय फक्त माझा, म्हणजे नंतर ॲपमध्ये केलंयस. अशी ॲप्स सहसा नवी प्रत वेगळी साठवतात. गॅलरीत कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये त्या रविवारची तारीख बघ. फोनच्याच एडिटमध्ये केलं असशील तर फोटो उघडून पुन्हा एडिटमध्ये जा, बऱ्याच फोनमध्ये मूळ फोटोवर परत जायचा पर्याय असतो. चुकून डिलीट झाला असेल तर ट्रॅश बघ, तिथे साधारण महिनाभर राहतो आणि आपल्याला जेमतेम पंधरा दिवस झालेत. ट्रॅश रिकामी मात्र करू नकोस!

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, पिनेच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठव. नेहमीसारखा पाठवलास तर तो लहान होऊन येतो. मोबाईलवर कळत नाही, पण आजीला आठ बाय बाराची फ्रेम हवीय, त्यात चेहरे पुसट दिसतील. अप्पा बळवंत चौकातला फ्रेमवाला शनिवारी फोटो मागतोय.

रागावलेली नाहीये. पण पुढच्या वेळी आधी विचार.

आत्याचं उत्तर रात्री अकराला आलं: "रविवारी कोथरूडला ये, फोन तूच बघ. मला ते फोल्डर-बिल्डर सापडत नाही. आणि काकाचं पोटही आत घेतलंय मी, त्याला सांगू नकोस."

रविवार कुठला, फ्रेमवाल्याला शनिवारी द्यायचाय. उद्याच ऑफिसमधून सुटल्यावर जातेय. काका फेसबुकवर नाहीत, त्यामुळे बिनधास्त लिहिलंय.